गेल्या वर्षीचा ‘हाच आठवडा’ नेमका कुठला? विक्रीच्या आकड्यांवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

पुण्यातल्या मिठाई आणि दुग्धपदार्थांच्या दुकानांच्या विक्रीचे आकडे मी बघते. या कामात नव्याने येणाऱ्याला पहिल्याच सोमवारी विचारलं जातं, ‘मागच्या वर्षीच्या याच आठवड्यापेक्षा किती वाढ?’ प्रश्न साधा वाटतो, पण मागच्या वर्षीचा नेमका कुठला आठवडा घ्यायचा हे ठरवण्यातच या कामातली निम्मी हुशारी खर्च होते.

आधी वारांचं बघू. वर्षाच्या 365 दिवसांत 52 आठवडे बसतात आणि एक दिवस उरतो. त्यामुळे तारखेसमोर तीच तारीख ठेवली की वार एकाने सरकतो आणि मध्ये 29 फेब्रुवारी आला तर दोनने. आमच्याकडे रविवारचा गल्ला मंगळवारपेक्षा बराच मोठा असतो, म्हणून ही सरक चालत नाही. उपाय सोपा आहे. एक्सेलमध्ये तारीख A2 मध्ये असेल, तर तिची जोडीची तारीख अशी काढायची:

```
=A2-364
```

364 म्हणजे नेमके 52 आठवडे, त्यामुळे सोमवारसमोर सोमवारच येतो. आठवड्याचे क्रमांक जुळवण्याच्या भानगडीत मी पडत नाही. आयएसओ पद्धतीने 2026 मध्ये 53 आठवडे आहेत, आणि त्या 53व्या आठवड्याला 2025 मध्ये जोडीदारच नाही.

जानेवारी-फेब्रुवारीतल्या शांत आठवड्यांना एवढं पुरतं. श्रावण-भाद्रपदात मात्र नाही. कसं ते 2025 च्या गणपतीवरून सांगते. पुढचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी गोल करून बनवलेले आहेत, तारखा मात्र खऱ्या आहेत.

25 ते 31 ऑगस्ट 2025 हा आठवडा घ्या. गणेश चतुर्थी बुधवारी, 27 तारखेला होती. 364 दिवस मागे गेलं की 26 ऑगस्ट ते 1 सप्टेंबर 2024 हा आठवडा मिळतो. त्यात गोकुळाष्टमी आणि दहीहंडी होती, गणपती नव्हते. 2024 ची चतुर्थी शनिवारी, 7 सप्टेंबरला आली. समजा, 2025 च्या आठवड्यात 31 लाखांची विक्री झाली आणि 2024 च्या आठवड्यात 20 लाखांची. अहवालात 55 टक्के वाढ दिसेल आणि कुणीतरी लगेच खव्याची ऑर्डर वाढवायला सांगेल. दोनच आठवड्यांनी चित्र उलटतं. 8 ते 14 सप्टेंबर 2025 ला पितृपक्ष सुरू झालेला, आणि समोर 2024 च्या गौरी-गणपतीचा आठवडा. 29 लाखांसमोर 17 लाख, म्हणजे 41 टक्के घट. धंदा तोच, गिऱ्हाईक तेच. फक्त सण 11 दिवस अलीकडे आला.

म्हणून गणपतीच्या काळात मी दिवस चतुर्थीपासून मोजते. प्रत्येक तारखेपुढे एक रकाना असतो. चतुर्थीला 0, आदल्या दिवशी उणे 1, दुसऱ्या दिवशी 1, असं पुढे. मग उणे 1 ची तुलना उणे 1 शी होते आणि मोदकांच्या विक्रीचा चढ दोन्ही वर्षी एकावर एक बसतो.

पण असं केलं की वार पुन्हा विस्कटतात, कारण एका वर्षी चतुर्थी शनिवारी आणि दुसऱ्या वर्षी बुधवारी. 2024 मध्ये चतुर्थी ते अनंत चतुर्दशी या 11 दिवसांत शनिवार-रविवार मिळून 4 दिवस होते, 2025 मध्ये 3. काही जण यावर वारानुसार गुणक लावतात. बुधवारची विक्री अमुक पट करून शनिवारच्या तोडीला आणायची. चतुर्थीच्या दिवशी मला ते पटत नाही. त्या दिवशी सुट्टी असते आणि घरात गणपती असतात. तो बुधवार बुधवारसारखा वागतच नाही, त्यामुळे गुणक लावला की आकडा उगाच फुगतो.

माझा भरवसा 14 दिवसांच्या पट्ट्यावर आहे. चतुर्थीच्या आधीचे 3 दिवस आणि चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंतचे 11 दिवस. चतुर्थी कुठल्याही वारी येवो, 14 दिवसांत प्रत्येक वार बरोबर दोनदा येतो. गुणकाची गरजच राहत नाही. 2024 चा पट्टा 4 ते 17 सप्टेंबर, 2025 चा 24 ऑगस्ट ते 6 सप्टेंबर. समजा, पहिल्यात 54 लाख आणि दुसऱ्यात 56.7 लाख. वाढ 5 टक्के. 55 टक्के वाढ आणि 41 टक्के घट यांच्या गोंधळात खरा आकडा हा होता. त्यातही भाववाढ किती हे कळायला मी तीच तुलना किलोत करून बघते. रुपये 5 टक्क्यांनी वाढले आणि किलो तेवढेच राहिले, तर वाढ फक्त भावाची आहे.

पट्ट्याच्या आत एक जागा फसवी आहे, ती गौरींची. गौरी तिथीवर नाही, नक्षत्रावर येतात. आवाहन अनुराधावर, पूजन ज्येष्ठावर, विसर्जन मूळ नक्षत्रावर. 2024 मध्ये गौरीपूजन 11 सप्टेंबरला, म्हणजे चतुर्थीपासून चौथ्या दिवशी होतं, तर 2025 मध्ये 1 सप्टेंबरला, पाचव्या दिवशी. चतुर्थीच्या मोजणीने दिवसाला दिवस लावला तर चौथ्या दिवशी विक्री कोसळलेली दिसते आणि पाचव्या दिवशी उसळलेली. शेजारशेजारच्या दोन दिवसांत असे उलटसुलट मोठे आकडे दिसले, तर दुकानाला फोन करण्याआधी पंचांग उघडा. मी गौरींसाठी वेगळा रकाना ठेवते आणि त्या तीन दिवसांची तुलना त्याच रकान्यावरून करते.

या पद्धतीने सगळं जुळत नाही, आणि जे जुळत नाही ते अहवालात एका ओळीत लिहावं. 2025 च्या पट्ट्यात महिन्याची 1 तारीख होती, 2024 च्या पट्ट्यात नव्हती. पगार चतुर्थीनंतर झाला की आधी, याचा मोठ्या डब्यांच्या खपावर परिणाम होऊ शकतो. तो वेगळा काढायला दोन वर्षांचे आकडे पुरत नाहीत.

2026 साठी तयारी करत असाल तर पट्टा एक दिवसाने सरकवावा लागेल. चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे आणि अनंत चतुर्दशी 25 ला, म्हणजे गणपती 12 दिवस. उणे 2 ते 11 असा पट्टा दोन्ही वर्षांना लावा. 2025 मध्ये त्यामुळे विसर्जनानंतरचा एक दिवस आत येतो, पण वार दोनदाच राहतात.

चतुर्थी या वेळी 11 दिवस अलीकडे येण्याऐवजी 18 दिवस पुढे गेली, कारण 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ. त्या महिन्यात जावयाला अनारशांचं वाण देतात आणि आमच्याकडे अनारशांच्या ऑर्डरी येतात. 2025 च्या मे-जूनमध्ये या विक्रीला जोडीदार नाही. तिथे मागचं वर्ष सोडून द्यायचं आणि 2023 चा अधिक श्रावण, 18 जुलै ते 16 ऑगस्ट, समोर ठेवायचा. अनारसे तेवढे त्याच्याशी ताडायचे, आणि बाकी माल नेहमीप्रमाणे 364 दिवस मागे.