स्पोकन मराठीच्या बॅचसाठी ऐकण्या-बोलण्याचे टास्क आणि त्यांचे मार्क कसे ठरवायचे

पुण्यात नोकरीसाठी आलेल्या, मराठी नव्याने शिकणाऱ्या मोठ्या माणसांच्या बॅचेस आता हिंजवडी, खराडी, कोथरूड सगळीकडे चालतात, आणि बहुतेक ठिकाणी शेवटची टेस्ट म्हणजे सर एक उतारा वाचून दाखवतात, खाली पाच प्रश्न, आणि मग "स्वतःबद्दल दोन मिनिटं बोला". यातून कळतं काय तर कोणाचं पाठांतर चांगलंय ते. माणूस खाली जाऊन वॉचमनशी बोलू शकतो का, घरमालकाचा फोन घेऊ शकतो का, हे यातून कळतच नाही. म्हणून एक ऐकण्याचा टास्क आणि एक बोलण्याचा टास्क, पहिल्यापासून शेवटपर्यंत कसा तयार करायचा ते इथे सांगतो. लेव्हल धरलीय तीन-चार महिने शिकलेल्यांची, युरोपातल्या सीईएफआर पट्टीवर ज्याला साधारण ए टू म्हणतात ती.

सगळ्यात आधी, टास्क सुचायच्याही आधी, एक वाक्य लिहून ठेवा: हा टास्क जमला म्हणजे विद्यार्थ्याला काय करता येतं? आपल्या ऐकण्याच्या टास्कचं वाक्य असं: "सोसायटीतून आलेला व्हॉइस मेसेज ऐकून आपण काय करायचंय ते त्याला कळतं." पुढे प्रत्येक प्रश्न लिहिताना या वाक्याकडे परत बघायचं, त्यात न बसणारा प्रश्न कितीही छान वाटला तरी काढून टाकायचा.

ऐकण्याचा टास्क

विषय पुण्यातला, सगळ्यांच्या ओळखीचा घेऊ: गुरुवारी पाणी बंद. महापालिकेची सूचना येते, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल अशी, आणि मग सोसायटीचे सेक्रेटरी काका ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकतात. आपलं रेकॉर्डिंग हे असं असेल:

"नमस्कार, सेक्रेटरी बोलतोय. ऐका, गुरुवारी दिवसभर पाणी नाहीये हां, बुधवारी रात्रीच भरून ठेवा. मी म्हटलं होतं टँकर मागवू, पण तो काही मिळत नाहीये, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. शुक्रवारी सकाळी येईल पाणी, पण उशिरा, आणि दाब कमी असेल. आणि हो, बी विंगवाल्यांनी मोटर स्वतः चालू करू नका, वॉचमनला सांगा, तो करेल."

हे झालं अर्ध्या मिनिटाचं. पण हा मजकूर कोणाला वाचायला देऊ नका, वाचला की लगेच आकाशवाणीच्या बातम्यांसारखा आवाज लागतो, शब्द सुटे सुटे पडतात आणि खऱ्या बोलण्यातली घाई, "हां", "आणि हो" हे सगळं जातं. ज्याच्या आवाजात करायचंय त्याला फक्त मुद्दे द्या (गुरुवार बंद, बुधवारी भरा, टँकर नाही, शुक्रवारी उशिरा, मोटर वॉचमन लावेल) आणि सांगा की काका होऊन बोल. फोनवरच रेकॉर्ड करा, पंख्याचा थोडा आवाज चालेल, पण रस्त्यावरचे हॉर्न नकोत, कारण हॉर्नमुळे ऐकू आलं नाही तर तो मराठी न समजल्याचा मार्क नाही.

आता प्रश्न, आणि खरी गडबड इथेच होते. आपल्या विद्यार्थ्यांपैकी बऱ्याच जणांना हिंदी येतं, आणि पाणी, टँकर, मोटर, वॉचमन हे शब्द त्यांना आधीच माहीत असतात. "मेसेज कशाबद्दल आहे?" असं विचारलंत तर पहिल्या दिवशी आलेला माणूसही "पाणी" म्हणून मोकळा होईल. उत्तर अशा जागी असलं पाहिजे जिथे नुसत्या ओळखीच्या शब्दांवरून अंदाज चालत नाही: "भरून ठेवा", "मिळत नाहीये", "भरवशावर राहू नका", "उशिरा". म्हणून चार प्रश्न असे घेऊ. पाणी कोणत्या दिवशी भरून ठेवायचं? टँकर येणार आहे का? शुक्रवारी पाणी नेहमीच्या वेळेला येईल, लवकर की उशिरा? बी विंगमधल्या माणसाला मोटर लावायची असेल तर त्याने काय करायचं?

पहिल्या प्रश्नाला पर्याय द्यायचे बुधवार, गुरुवार, शुक्रवार, म्हणजे तिन्ही वार रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येणारे. सोमवार टाकलात तर तो कोणी निवडणारच नाही. दुसऱ्या प्रश्नात काकांनी आधी एक म्हटलं आणि मग बदललं, हे मुद्दाम ठेवलंय, कारण खरी माणसं अशीच बोलतात आणि नुसता "टँकर मागवू" एवढा तुकडा पकडणारा इथे चुकतो.

प्रश्न मराठीत छापू नका. पुष्कळांचं देवनागरी वाचन अजून हळू असतं, मराठी शब्द कागदावर दिसले की ते तेच रेकॉर्डिंगमध्ये शोधत बसतात, आणि मग आपण ऐकणं न तपासता वाचन तपासतो. प्रश्न इंग्रजीत किंवा हिंदीत द्या, उत्तरही कुठल्याही भाषेत चालेल, "वॉचमन" लिहिलं काय आणि "सिक्युरिटीला सांगायचं" लिहिलं काय, मार्क पूर्ण. अशी चालणारी आणि न चालणारी उत्तरं आधीच एका कागदावर लिहून ठेवा, प्रत्येक प्रश्नाला एक किंवा शून्य, अर्धा मार्क नाही. शुद्धलेखनाचा तर प्रश्नच येत नाही.

रेकॉर्डिंग किती वेळा लावायचं यावर फार वाद होतात. माझं म्हणणं असं की ती गोष्ट खऱ्या आयुष्यात किती वेळा ऐकता येते ते बघा. व्हॉइस मेसेज माणूस परत लावतो, म्हणून दोनदा. बसस्टॉपवर कंडक्टर ओरडतो ते एकदाच, तसा टास्क असेल तर एकदाच. पण ठरवलं की सगळ्या बॅचेसना तेच, मध्येच दया येऊन तिसऱ्यांदा लावायचं नाही.

वर्गात वापरायच्या आधी दोन माणसांवर करून बघा. एकाला रेकॉर्डिंग न ऐकवता फक्त प्रश्न द्या. त्याचे चारपैकी तीन बरोबर आले तर तुमचे प्रश्न अंदाजाने सुटतायत, ते बदलायला हवेत. दुसरा घ्या घरात मराठीच बोलणारा, त्याचे चारही बरोबर यायला पाहिजेत, आणि तो एखाद्या प्रश्नावर अडला तर दोष प्रश्नात किंवा रेकॉर्डिंगमध्येच आहे. वर्गात घेतल्यावरही बघा की एखादा प्रश्न बाकी सगळं छान येणाऱ्यांचाच चुकतोय आणि कच्च्यांचा बरोबर येतोय का, तसं असेल तर त्यात नक्की काहीतरी दुहेरी अर्थ लपलाय.

बोलण्याचा टास्क

हा ऐकण्याच्या टास्कला जोडू नका. "आता हाच मेसेज शेजाऱ्याला सांगा" हे मोहात पाडतं, पण ज्याला मेसेज कळला नाही त्याचे बोलण्याचेही मार्क जातात, एकाच चुकीची दोनदा शिक्षा. म्हणून वेगळा प्रसंग: भाड्याचं घर, बाथरूमचा नळ गळतोय, घरमालक काकांना फोन करायचा. या टास्कचं वाक्य असं: "फोनवर अडचण सांगून त्याला घरमालकाशी वेळ ठरवता येते."

विद्यार्थ्याच्या कार्डावर वाक्यं नकोत, गळणाऱ्या नळाचं चित्र, "दोन दिवस" आणि "शनिवारी ऑफिस" एवढंच, तेही त्याच्या भाषेत. तुमच्या कार्डावर एक गोष्ट अशी जी त्याला माहीत नाही: प्लंबर फक्त शनिवारी मोकळा आहे. आता त्याला तुमचं ऐकून, अडचण सांगून, दुसरी वेळ ठरवावीच लागते, पाठ केलेल्या भाषणावर भागत नाही. तयारीला एक मिनिट, बोलायला तीन.

काका जो होतो त्याची वाक्यंसुद्धा ठरलेली हवीत, "काय झालं?", "कधीपासून?", "शनिवारी पाठवतो", नाहीतर एकाला सोपे प्रश्न जातात आणि दुसऱ्याला अवघड. आणि एक फार महत्त्वाचं: समोरचा अडखळला की आपण पुणेकर लगेच हिंदीत शिरतो, मदत म्हणूनच, पण टेस्टमध्ये ते करायचं नाही. पाच-सहा सेकंद थांबा, मग तेच वाक्य एकदा सोपं करून मराठीतच म्हणा.

मार्कांसाठी तीनच ओळी पुरे, प्रत्येकीला शून्य ते तीन. "चांगलं", "बऱ्यापैकी" असले शब्द लिहू नका, ऐकून मोजता येईल असंच लिहा.

काम झालं का: अडचण, कधीपासून, आणि ठरलेली वेळ, तिन्ही मराठीत आणि पहिल्या दोन गोष्टी न विचारता सांगितल्या तर तीन. तिन्ही आल्या पण काकांना खोदून विचारावं लागलं तर दोन. एक किंवा दोनच आल्या तर एक. या ओळीचे मार्क दुप्पट धरायचे, कारण आपलं वाक्य मुळात याबद्दलच होतं.

समजलं का: काकांना एकदाही "काय म्हणालात?" म्हणावं लागलं नाही तर तीन, एक-दोनदा म्हणावं लागलं तर दोन, त्याहून जास्त तर एक. "नल" म्हटलं, "पानी" म्हटलं आणि काकांना कळलं, तर काही कापायचं नाही. या लेव्हलला ळ आणि ण साठी मार्क कापणं मला अन्याय वाटतो.

बोलण्याची रीत: काका किंवा नमस्कार म्हणून सुरुवात, हुकूम न करता "तुम्ही पाठवाल का", "चालेल का", आणि शेवटी "ठीक आहे, ठेवतो" असं काहीतरी. प्रत्येकाला एक मार्क.

एकूण बारा. हिंदीचा नियम आधी ठरवा: प्लंबर, ऑफिस, लीक हे शब्द फुकट, मराठी माणूसही तेच बोलतो, पण क्रियापद हिंदी असलेलं वाक्य मोजायचं नाही.

आता दोघांचं बघू. पहिला भरभर बोलतो: "काका, नल खराब झालाय, पानी गिर रहा है, आप प्लंबर भेजो", विचारल्यावर "दो दिन से", आणि शेवटी "ठीक है, संडे को". मराठीत फक्त अडचण आली, म्हणून काम एक, दुप्पट करून दोन. जे मराठी होतं ते कळलं, तीन. रीतीत "काका" एवढंच, एक. एकूण सहा. दुसरी अडखळत बोलते: "नमस्कार काका. नळ... गळते. दोन दिवस झाले." मग "शनिवारी... नाही. मी ऑफिस. तुम्ही रविवारी पाठवाल का?" एकदा काकांना परत विचारावं लागलं, आणि फोन तसाच ठेवला. काम तीन, म्हणजे सहा, समजणं दोन, रीत दोन, एकूण दहा. "गळते" चुकलं, पण व्याकरणाची ओळ आपण ठेवलेलीच नाही, पुढच्या लेव्हलला ठेवा. वर्गात मात्र हुशार म्हणून पहिल्याचंच नाव असतं.

मार्क कोणी द्यायचे? शिकवणाऱ्याने एकट्याने नाही. तीन महिने ऐकून आपला कान त्या विद्यार्थ्याला सरावतो, बाहेरच्याला न कळणारंही आपल्याला कळतं, आणि "समजलं का" ची ओळ फुगते. दुसरा मराठी माणूस घ्या ज्याने त्या बॅचला शिकवलेलं नाही. परवानगी घेऊन सगळ्यांचं रेकॉर्ड करा, आधी चार-पाच रेकॉर्डिंग दोघांनी वेगवेगळे बसून तपासा आणि ओळीओळीने ताडून बघा, नुसती बेरीज नको, बेरीज जुळते आणि आतले आकडे भलतेच असतात. एका मार्काचा फरक चालेल. त्याहून जास्त पडला तर रेकॉर्डिंग परत लावा, कोणी काय ऐकलं ते बोला, आणि ओळीतले शब्द दुरुस्त करा, उदाहरणार्थ "हां?" एवढंच म्हटलं तर ते परत विचारणं धरायचं का. एका बैठकीत खूप जण तपासलेत तर शेवटी पहिली दोन रेकॉर्डिंग परत ऐका. दुपारनंतर हात आखडतो किंवा सैल सुटतो, आणि तुमचा आकडा बदललेला दिसला तर मधल्यांचीही परत तपासा.