वर्गशिक्षकांचं स्वागतपर भाषण: या चुका टाळा

गॅदरिंगला वर्गशिक्षकाच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. सावकाश बोललं तर जेमतेम दोनशे शब्द. तरी दर डिसेंबरात कुणीतरी दोन पानं घेऊन माइकसमोर उभं राहतंच.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून सुरू होणारी नावांची माळ. ठाण्यातल्या एका नाट्यगृहात एक नवीन बाई ती वाचत होत्या. एका विश्वस्तांचं नाव राहिलं, कुणीतरी चिठ्ठी पाठवली, आणि बाईंनी माफी मागून यादी पुन्हा पहिल्यापासून घेतली. पडद्यामागे पहिलीची फुलपाखरं केव्हाची रांगेत उभी. त्यातलं एक ओरडलं, “टीचर, शू!” स्टेजवरच्या माइकने ते अख्ख्या हॉलला ऐकवलं. पंख पाठीला सेफ्टीपिनांनी टाचलेले. ते काढून परत लावेपर्यंत पहिलं गाणं खोळंबलं.

मान्यवरांची नावं सूत्रसंचालकाला देऊन टाका. पालक तुमच्याकडून आपल्या मुलांबद्दल ऐकायला आलेले असतात.

दुसरी चूक ‘प्रिय पालकहो’ म्हणून सगळं उरकण्याची. आपल्याकडे आई-बाबा सकाळची लोकल पकडतात आणि मुलाला शाळेच्या गेटवर आजी सोडते. तिला नावानिशी नाही, पण नात्याने हाक मारा. नेटवरून उचललेल्या भाषणात ही आजी कधीच नसते, म्हणून ते दुसऱ्या वाक्याला ओळखू येतं. मी साधारण असं बोलते:

“नमस्कार. पहिली ‘ब’च्या आई-बाबांनो, आणि रोज दप्तर उचलून गेटपर्यंत येणाऱ्या आजी-आजोबांनो, या, तुमचं मनापासून स्वागत. जूनमध्ये तुमचा हात सोडायला तयार नसलेली मुलं आत्ता पडद्यामागे एकमेकांचे पंख ओढतायत. कुणी स्टेप विसरेल, कुणी नाच सोडून तुम्हाला टाटा करेल. तुम्हीही करा, मी रागावणार नाही. फक्त फोटोसाठी उभे राहू नका, मागच्या आजींना नातू दिसू द्या. नाच झाला की मुलं मागच्या दाराशी माझ्याकडे मिळतील. ओळखपत्र दाखवून घेऊन जा. चला, मुलं थांबलीत.”

हे मिनिटभरात होतं. उरलेलं मिनिट टाळ्यांना आणि माइक खाली-वर करण्यात जातं.

एकाच मुलाचं नाव घेऊन कौतुक करू नका. बाकीच्यांच्या आया घरी जाईपर्यंत तेच बोलतात. चारोळी नको. अभ्यासाच्या तक्रारी तर नकोच, त्याला पालकसभा आहे.

मोबाईलमध्ये बघून वाचणाऱ्यांना माझा कायमचा विरोध आहे. ऐन वेळी फोन येतो, स्क्रीन विझते, आणि मान खाली ती खालीच. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात पाच-सहा शब्द लिहा: आजी, पंख, टाटा, फोटो, मागचं दार. घरी घड्याळ लावून मोठ्याने बोलून बघा. मनातल्या मनात वाचलं तर वेळ नेहमी कमीच वाटतो.