कापडी डायपर की डिस्पोजेबल? दोन वर्षांचा हिशेब मांडताना या चुका टाळा

कापडी डायपर एकदा घेतले की पुढची दोन वर्षं खर्च नाही, या समजुतीने कितीतरी घरांत बाळ यायच्या आधीच अख्खा संच मागवला जातो. चौथ्या-पाचव्या महिन्यात तो कपाटात पडतो आणि रोज डिस्पोजेबल सुरू होतात. मग दोन्हींचे पैसे जातात. हे टाळायचं असेल तर धुण्याचा आणि वाळवण्याचा खर्च खरेदीच्या आधी कागदावर यायला हवा.

उदाहरणासाठी पुण्यातलं एक घर धरू. फ्लॅट, हीटर असलेलं ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन, कपडे बाल्कनीत वाळतात. खालचे दर मी धरलेले आहेत, तुमचे दर घालून आकडे बदलून घ्या.

पहिल्या महिन्याच्या वेगाने दोन वर्षं मोजणं

नवजात बाळाला दिवसाला आठ-दहा डायपर लागतात. तोच आकडा 730 दिवसांनी गुणला तर डिस्पोजेबलचा खर्च उगाच फुगतो. वाढत्या वयाबरोबर डायपर कमी लागतात, पण माप मोठं होत जातं तसा एका नगाचा भाव वाढतो. म्हणून तीन टप्पे करा. पहिले तीन महिने रोज 8, नग 8 रुपये: साधारण 5,800. पुढचे नऊ महिने रोज 6, नग 11 रुपये: 18,000 च्या थोडं वर. दुसरं वर्ष रोज 5, नग 13 रुपये: 23,700. एकूण 47,600 च्या आसपास. भाव नेहमी नगावर काढा, पाकिटावर नाही, कारण माप वाढलं की त्याच किमतीच्या पाकिटात नग कमी येतात.

धुण्याचा खर्च डिटर्जंटपुरताच धरणं

मशीन एकदा लावलं की 50 ग्रॅम पावडरीचे 11 रुपये आणि गरम पाण्याच्या धुण्याला साधारण एक युनिट वीज. विजेचा दर धरताना बिलाची सरासरी घेऊ नका. महावितरणच्या घरगुती बिलात 100 युनिटनंतर दर चढतो, 300 नंतर आणखी. मशीनचे जादा युनिट वरच्याच टप्प्यात पडतात, म्हणून मी युनिटला 12 रुपये धरते. पाण्याचे दोन रुपये मिळवले की एका वेळेचे 25 रुपये झाले. दिवसाआड मशीन लावलं तर दोन वर्षांत 365 वेळा, शिवाय पहिल्या दोन महिन्यांत लंगोट रोज धुवावे लागतात म्हणून आणखी तीसेक वेळा. मिळून दहा हजारांच्या घरात.

पैसे वाचवायला अठराऐवजी आठच डायपर घेणं इथे महागात पडतं. 450 रुपयांचा एक याप्रमाणे दहा डायपरचे 4,500 वाचतात, पण मशीन रोज आणि अर्धंच भरून लावावं लागतं. त्यात दोन वर्षांत नऊ हजार जादा जातात.

आणि मावशी. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना बाळाच्या शीचे कपडे धुवायला सांगायचं तर पैसे वाढवून द्यायला हवेत, ते रास्तच आहे. महिना 500 धरले तरी दोन वर्षांचे 12,000 होतात. हा आकडा बहुतेक हिशेबांत दिसतच नाही. आई किंवा आजी धुणार असेल तर रुपये जात नाहीत, पण रोजचा अर्धा तास जातोच. तो कोणाचा जाणार, हे आधी घरात बोलून ठरवा.

पावसाळा आणि रात्र विसरणं

जून ते सप्टेंबर हे चार महिने जाड पॅड लवकर वाळत नाहीत. पुण्यात दीड-दोन दिवस, कोकणात त्याहून जास्त. पण सगळा डायपर ओला राहत नाही. बाहेरचं जलरोधक आवरण काही तासांत सुकतं, ओला राहतो तो आतला पॅड. म्हणून पावसाळ्यासाठी आणखी डायपर न घेता सुटे पॅड घ्या. शंभराचा एक, असे दहा पुरतात. सुती साडीचे किंवा मलमलचे घडी घालून ठेवायचे लंगोट तर त्याहून लवकर वाळतात, कारण पसरले की ते एकाच पदराचे असतात.

रात्री मात्र बहुतेक घरं एक डिस्पोजेबल लावतातच. त्याचे 730 नग, 12 रुपयांनी 8,760. दोन पावसाळ्यांत रोज दोन जादा धरले तर आणखी 5,760.

आता कापडी बाजू पूर्ण मांडू. अठरा डायपर, दहा सुटे पॅड आणि दोन डझन लंगोट मिळून दहा हजार, धुणं दहा हजार, रात्रीचे आणि पावसाळ्याचे डिस्पोजेबल साडेचौदा हजार. एकूण 34,500. डिस्पोजेबलपेक्षा तेरा हजार कमी. मावशींचे बारा हजार मिळवले तर फरक हजारावर येतो. माझं स्पष्ट मत आहे की धुणं घरातच होणार असेल तर कापडी नक्की परवडतात. धुण्याला वेगळे पैसे मोजावे लागणार असतील तर निव्वळ बचतीसाठी त्या वाटेला जाऊ नये.

गळती आणि वास आला की कापडालाच दोष देणं

संच कपाटात जातो तो इथे. डायपर गळायला लागला की लोक नवीन घेतात, पण बहुतेक वेळा पॅड धड शोषत नसतो. वाळलेल्या पॅडवर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब वर मोत्यासारखे थांबले तर धाग्यांवर थर बसलेला आहे. तो फॅब्रिक सॉफ्टनरचा असतो, रॅशसाठी लावलेल्या क्रीमचा असतो किंवा जादा पावडरीचा. कोरा सुती पॅडही सुरुवातीला असाच वागतो, वापरण्याआधी तो चार-पाच वेळा धुवावा लागतो. थर असेल तर पॅड वेगळे काढून पावडर न घालता गरम पाण्यात मशीन लावा. फेस दिसला तर ती पावडर आहे, फेस येईनासा होईपर्यंत पुन्हा धुवा. क्रीमचा थर मात्र नुसत्या पाण्याने जात नाही, त्या पॅडला डिटर्जंट लावून हाताने चोळायला हवं. यापुढे सॉफ्टनर बंद करा आणि क्रीम लावलं की त्याखाली पातळ सुती कापड घाला.

धुतलेला पॅड बाळाने ओला करताच झोंबरा, अमोनियाचा वास आला तर दुखणं उलटं आहे, पॅड नीट धुतला जात नाही. पावडर कमी पडते किंवा मशीन कोंबून भरलेलं असतं. बोअरवेलच्या जड पाण्यात तीच पावडर कमी पडते, तिथे चमचाभर धुण्याचा सोडा घाला. वापरलेले डायपर बंद बादलीत पाण्यात भिजवून ठेवू नका. शी काढून, खळबळून कोरडेच उघड्या टोपलीत ठेवा आणि दोन दिवसांच्या आत धुवा.

आवरण उकळू नका, साधारण 60 अंशांपर्यंतचं पाणी पुरे. पॅड कडक उन्हात वाळवा, डागही फिके पडतात. आवरण मात्र सावलीत, कारण इलास्टिक सैल झालं की मांडीपाशी गळती सुरू होते आणि मग कितीही धुवून उपयोग नाही. दुसऱ्या बाळासाठी जुना संच काढलात तर आधी हेच इलास्टिक ताणून पाहा. ते शाबूत असेल तर खरेदीचे आठ-नऊ हजार त्या वेळी लागणार नाहीत, धुण्याचे दहा हजार मात्र पुन्हा धरावे लागतील.