मशीन बंद पडलं आणि ऑडिट चार दिवसांवर: तारीख पुढे कशी मागावी

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात मी क्वालिटीचं काम बघतो. आम्ही पिना बनवतो: सीएनसीवर टर्निंग, मग इंडक्शन हार्डनिंग, मग ग्राइंडिंग. हार्डनिंगचं मशीन एकच. १ ऑगस्ट २०२५ च्या शुक्रवारी संध्याकाळी ते बंद पडलं. थंड पाण्याच्या लाइनमध्ये क्षार साचून पाणी कमी येत होतं, त्यामुळे पॉवर सप्लायमधला आयजीबीटी मॉड्यूल तापून गेला. मंगळवारी ५ तारखेला आयएसओ ९००१ चं सर्व्हेलन्स ऑडिट ठरलेलं होतं.

हा लेख अशा ठरलेल्या ऑडिटबद्दल आहे, म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा किंवा ग्राहकाचा ऑडिटर तारीख देऊन येतो तेव्हाचा. सरकारी निरीक्षक न कळवता तपासणीला आला, तर मशीन बंद असल्याचं सांगून त्याला परत पाठवता येत नाही. त्याला बंद मशीन दाखवायचं आणि तपासणी होऊ द्यायची.

आधी ठरवा: तारीख खरंच हलवायला हवी का?

सहा सीएनसींपैकी एक बंद असेल, तर तारीख मागू नका. ऑडिटर तुमची पद्धत तपासायला येतो, आणि बिघाड तुम्ही कसा हाताळला हेही त्या पद्धतीतच येतं. ब्रेकडाउन स्लिप, दुरुस्तीची नोंद आणि अडकलेल्या मालाचं काय केलं ते दाखवलंत की पुरे. शिफ्टची अडचण असेल तर फक्त त्या विभागाची वेळ बदलून मागा.

एखादी अख्खी प्रक्रियाच बंद असेल तर गोष्ट वेगळी. हार्डनिंग नीट झालं की नाही हे पिनेकडे नुसतं बघून कळत नाही. कडकपणा किती खोल गेला ते पाहायला पीस कापावा लागतो. म्हणून ऑडिटरला ती प्रक्रिया चालू असताना बघायची असते. आमची ती एकमेव सोय बंद होती, म्हणून तारीख मागणं रास्त होतं.

मग शेवटची तारीख काढा

इथे बरेच जण चुकतात. पहिलं सर्व्हेलन्स ऑडिट हे प्रमाणपत्र देण्याचा निर्णय झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत व्हावंच लागतं. मोजायचं ते त्या निर्णयाच्या तारखेपासून, मागचं ऑडिट झालं त्या दिवसापासून नाही. त्यानंतर पुनर्प्रमाणनाचं वर्ष सोडून दर कॅलेंडर वर्षात किमान एक ऑडिट लागतं, त्यामुळे दुसऱ्या सर्व्हेलन्सला थोडी सैल जागा असते. पुनर्प्रमाणनाच्या वर्षी मात्र सगळं काम प्रमाणपत्राची मुदत संपण्याआधी पुरं व्हायला हवं. मुदतीत ऑडिट होऊ दिलं नाही, तर प्रमाणपत्र निलंबित होऊ शकतं.

आमचा निर्णय २० ऑगस्ट २०२४ चा होता आणि हे पहिलंच सर्व्हेलन्स. म्हणजे हातात जेमतेम अठरा दिवस.

आता दुरुस्तीचे दिवस मांडा. सुटा भाग शुक्रवारी ८ तारखेला येणार, शनिवारी बसणार. पण मशीन सुरू झालं म्हणजे प्रक्रिया तयार झाली असं नाही. चाचणीचे पाच पीस काढून, कापून, कडकपणा आणि खोली मोजायला आम्ही रविवार-सोमवार धरले. १२ तारखेचा मंगळवार मोकळा दिसत होता, तरी तो मागितला नाही, कारण कुरियर एक दिवस जरी लांबलं तरी पुन्हा तोंड घेऊन जावं लागलं असतं. १४ ला गुरुवार, आमची साप्ताहिक सुट्टी. १५ ला स्वातंत्र्यदिन, १६ ला दहीहंडी. १७ ला रविवार, आणि १९-२० म्हणजे मुदतीच्या अगदी काठावर. राहिले १३ चा बुधवार आणि १८ चा सोमवार. तेवढेच दोन दिवस आम्ही दिले.

कोणाला कळवायचं

ऑडिटरचा नंबर आपल्याकडे असतो आणि हात आधी तिकडेच जातो. पण तारीख त्याच्या हातात नसते. ती संस्थेचा प्लॅनिंग विभाग ठरवतो. आधी त्यांना फोन करा आणि त्याच तासाभरात मेल पाठवा, प्रत ऑडिटरला. आम्ही शनिवारी सकाळी दहालाच फोन केला: "मॅडम, आमचं हार्डनिंग मशीन काल संध्याकाळी बंद पडलंय. मंगळवारचं ऑडिट पुढे घेता येईल का? मेल लगेच पाठवतो." त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "तुमची ड्यू डेट किती आहे?" ती तोंडपाठ असल्यामुळे पुढचं बोलणं सोपं झालं.

फोन करण्यापूर्वी करार काढून वाचा. ऐनवेळी तारीख बदलल्यास शुल्क घेण्याचं कलम बहुतेक करारांत असतं. ऑडिटर बाहेरगावचा असेल तर तिकिटाचा खर्चही येतो. तो भरायची तयारी आहे हे मेलमध्ये आपणहून लिहा.

मेलमध्ये काय लिहायचं

"काही अपरिहार्य कारणामुळे" हे शब्द टाळा. ते वाचून समोरच्याला वाटतं की कागदपत्रं तयार नाहीत. आमचा मेल साधारण असा होता. इंग्रजीत लिहिलात तरी क्रम हाच ठेवा:

> विषय: ५ ऑगस्टचे सर्व्हेलन्स ऑडिट पुढे घेण्याची विनंती (प्रमाणपत्र क्रमांक, कारखान्याचा पत्ता)
>
> आमचे एकमेव इंडक्शन हार्डनिंग मशीन १ ऑगस्टला सायंकाळी बंद पडले आहे. पॉवर सप्लायमधील मॉड्यूल निकामी झाला असून नवीन भाग ८ तारखेला अपेक्षित आहे. त्यामुळे ५ तारखेला ही प्रक्रिया चालू स्थितीत दाखवता येणार नाही. टर्निंग, ग्राइंडिंग, स्टोअर आणि सर्व नोंदी तपासणीसाठी उपलब्ध आहेत.
>
> ऑडिट १३ किंवा १८ ऑगस्टला घ्यावे, ही विनंती. दोन्ही तारखा २० ऑगस्टच्या मुदतीच्या आत आहेत. हे शक्य नसल्यास बाकीचे ऑडिट ५ तारखेला करून केवळ हार्डनिंगचा भाग नंतर घेता येईल का, ते कळवावे. करारानुसार लागू होणारे शुल्क आम्ही भरू.
>
> सोबत: ब्रेकडाउन स्लिप, सर्व्हिस इंजिनिअरचा अहवाल, सुट्या भागाची पर्चेस ऑर्डर.

जोडलेल्या तीन कागदांवरच्या तारखा एकमेकींशी जुळतात का, ते पाठवण्यापूर्वी बघा. स्लिपवर १ तारीख आणि सर्व्हिस रिपोर्टवर ३० जुलै असेल, तर खरं कारणही खोटं वाटू लागतं. आणि लेखी होकार येईपर्यंत ५ तारखेचं ऑडिट कायम आहे असंच धरून चाला. फोनवरचं "बघते" म्हणजे होकार नव्हे. आम्हाला सोमवारी दुपारी १३ तारखेचं उत्तर आलं.

मधल्या दिवसांत

ऑडिटर आल्यावर पहिला प्रश्न याच बिघाडावर येणार, कारण तो तुम्हीच लिहून कळवलाय. मशीन बंद पडण्याआधी निघालेल्या शेवटच्या पिनांचं काय केलं? पाणी कमी येत असताना पॉवर खाली-वर झालेली असू शकते. आम्ही त्या शिफ्टचा सगळा माल लाल टॅग लावून बाजूला ठेवला, त्यातले पीस कापून तपासले आणि मगच निर्णय लिहिला. बाहेरून हार्डनिंग करून घेतलं असेल तर त्या जॉबवर्कवाल्याची मंजुरी, ग्राहकाची परवानगी लागत असल्यास ती, आणि आलेल्या मालाचा तपासणी अहवाल एकत्र ठेवा.

देखभालीच्या चेकलिस्टला मात्र हात लावू नका. आमच्या जुलैच्या चेकलिस्टमध्ये पाण्याचा फिल्टर साफ केल्याची सही दोन आठवडे नव्हती. ती मागाहून भरण्याऐवजी आम्ही तेच मूळ कारण म्हणून लिहिलं आणि फ्लो स्विच बसवायची सुधारणा नोंदवली. ऑडिटरने त्यावर किरकोळ त्रुटी काढली. मागाहून भरलेली सही पकडली गेली असती, तर बाकीच्या सगळ्या नोंदींवरचा त्याचा विश्वास उडाला असता.

भाग वेळेत आलाच नाही, तर दुसऱ्यांदा तारीख मागू नका. १३ ला मशीन बंद असतं तरी आम्ही ऑडिट होऊ देणार होतो, आणि हार्डनिंगचं काम जॉबवर्कवाल्याकडे दाखवायची सोय ऑडिटरला आधीच सांगून ठेवली होती.