तीन चॅट, एक टिपण: नव्या चॅटला काय द्यायचं आणि काय गाळायचं

रावेसाठी, म्हणजे कृषी पदवीच्या ग्रामीण कार्यानुभवासाठी, गावात राहणाऱ्या गटाकडे सप्टेंबर येईपर्यंत एकाच विषयावर एआयशी केलेले दोन-तीन चॅट साचलेले असतातच. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचंच घ्या. पहिला चॅट कॉलेजच्या संगणकावर झालेला असतो, त्यात अळीचा जीवनक्रम आणि डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमललेलं फूल, कशी ओळखायची ते. दुसरा गटातल्या सोबत्याच्या मोबाइलवर, त्याच्याच खात्यातून, पतंगांना गंधाने ओढणारे कामगंध सापळे आणि फवारणी कधी करायची हे ठरवणाऱ्या आर्थिक नुकसानीच्या पातळीबद्दल. तिसरा तुमच्या मोबाइलवर, रात्री लाइन आल्यावर केलेला, फवारणी आणि फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक पुढे राखण्याचा. आता शेतकरी सभेसाठी एका पानाचं पत्रक हवं आहे, ते नव्या चॅटमध्ये करायचं आहे आणि त्या नव्या चॅटला यातलं काहीच ठाऊक नाही. काही ॲप जुन्या चॅटमधलं थोडंफार लक्षात ठेवतात. पण सोबत्याच्या खात्यातलं तिथे येत नाही, आणि जे आलं ते नेमकं काय हे तुम्हाला पुरतं दिसत नाही. म्हणून टिपण हातानेच करावं लागतं.

पहिला मोह म्हणजे तिन्ही चॅट अख्खे उचलून चिकटवणं. चाळीस संदेशांच्या चॅटमध्ये आधी एक चुकीचा आकडा येतो, मग तुम्ही तो खोडता, मग सुधारलेला येतो. चिकटवल्यावर चुकीचा आणि सुधारलेला एकाच शाईत लिहिलेले दिसतात. शिवाय देवनागरी मजकूर इंग्रजीपेक्षा जास्त टोकन, म्हणजे मॉडेल मजकूर ज्यांत मोजतं ते तुकडे, खातो, त्यामुळे फुकटच्या खात्याची मर्यादा लवकर संपते. लांबलचक मजकुराच्या मधल्या भागाकडे मॉडेलचं दुर्लक्षही होऊ शकतं.

दुसरा मोह अधिक फसवा आहे: प्रत्येक चॅटकडून सारांश मागवायचा आणि तीन सारांश एकाखाली एक ठेवायचे. सारांश गुळगुळीत येतो, पण त्यातून अटी गळतात. ‘सलग तीन रात्री’ हे शब्द सगळ्यात आधी जातात, मग ‘हेक्टरी’. उरतो तो नुसता आकडा. पत्रकावर तो छापला की दिसतो छान आणि वावरात चुकतो.

त्यापेक्षा वहीचं एक पान घ्या आणि चार रकाने पाडा: विधान, एकक व अट, आधार, चॅट क्रमांक. चॅट खालून वर वाचा. तुमच्या दुरुस्त्या शेवटाकडे असतात, त्या आधी वाचल्या की वरचा जुना आकडा चुकून टिपला जात नाही. एका ओळीत एकच विधान ठेवा. चाळीस संदेशांतून आठ-दहा ओळी निघाल्या तर पुरे. बाकीचं तुमचं विचारणं, त्याचं समजावणं आणि दोनदा आलेलं तेच ते असतं.

आधाराच्या रकान्यात तीनच खुणा पुरतात. ‘क’ म्हणजे कागद: अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पुस्तिका किंवा नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा सल्ला, जो तुम्ही स्वतः उघडून पाहिला आहे. ‘व’ म्हणजे वावर, तुम्ही मोजलेलं. ‘च’ म्हणजे फक्त चॅटमध्ये आलेलं, बाहेर कुठे पडताळलेलं नाही. चॅटने पुस्तिकेचं नाव सांगितलं एवढ्यावर ‘क’ द्यायचा नाही. नाव खरं आणि आत आकडा भलताच, असं होतं.

इथे नवख्यांची एक चूक हमखास होते. तिन्ही चॅटमध्ये एकच आकडा आला की तो पक्का धरला जातो. पण हे तीन साक्षीदार नव्हेत. एकाच मॉडेलला तीनदा विचारलं तर ते एकाच तोंडून तीनदा ऐकणं झालं. दोन चॅटमध्ये तुम्ही एकच पीडीएफ टाकली असेल तर तेही एकच. ‘च’ तीनदा आला तरी ‘च’च राहतो.

आता जुळवणी. तिन्ही चॅटच्या ओळी समोर ठेवल्या की विसंगती दिसतात. त्यातल्या बऱ्याच खऱ्या नसतात. सापळ्यांचं पाहा. पहिल्या चॅटमध्ये हेक्टरी 5, दुसऱ्यात एकरी 2, तिसऱ्यात एकरी 8. पहिले दोन एकच आहेत, कारण हेक्टर म्हणजे सुमारे 2.47 एकर आणि 5 भागिले 2.47 म्हणजे दोनच. पुस्तिका हेक्टरात बोलते, गाव एकरात, म्हणून टिपणात सगळं एकरात आणून ठेवा. तिसरा आकडा खरोखर वेगळा आहे, पण चुकीचा नाही. एकरी 2 सापळे पतंग आले का हे पाहण्यासाठी, म्हणजे निरीक्षणासाठी. एकरी 8 सापळे मोठ्या प्रमाणावर पतंग पकडण्यासाठी. हेतू लिहिला नाही तर नवा चॅट दोन्हींची गोळाबेरीज करून ‘एकरी 2 ते 8 सापळे’ असं वाक्य सहज बनवतो. ते वाचून शेतकरी किती विकत घेणार?

नुकसानीच्या पातळीत गोची जास्त. दुसऱ्या चॅटमध्ये आहे: सापळ्यात दर रात्री 8 पतंग, सलग तीन रात्री. तिसऱ्यात तेच ‘तीन रात्रींत 24 पतंग’ असं आलेलं. गणित बरोबर वाटतं. पण तुमच्या सापळ्यात पहिल्या रात्री 9, दुसऱ्या रात्री 11 आणि तिसऱ्या रात्री 4 पतंग आले, तर बेरीज 24 होते आणि तरी पातळी ओलांडलेली नाही, कारण तिसरी रात्र 8 च्या खाली आहे. एका वाक्याने फवारणी करावी लागते, दुसऱ्याने थांबावं लागतं. अशा वेळी दोन्ही वाक्यं टिपणात ठेवायची नाहीत. कागद उघडायचा, मूळ अट घ्यायची आणि ‘बेरीज किंवा सरासरी काढू नये’ हेही लिहायचं. नकार लिहिला नाही तर तीच चूक नव्या चॅटमध्ये पुन्हा उगवते.

जोडशब्दही तपासा. पहिल्या चॅटमध्ये 10 टक्के डोमकळ्या, दुसऱ्यात 10 टक्के किडकी हिरवी बोंडं. हे दोन निकष ‘किंवा’ने जोडायचे आहेत. जुळवताना ‘आणि’ पडलं की दोन्ही पुरे होईपर्यंत शेतकरी वाट पाहत बसेल.

वावरातलं मोजमाप टक्क्यांत न नेता मोजणीच्या रूपातच न्या. 20 हिरवी बोंडं फोडली आणि एकात अळी निघाली, तर ‘5 टक्के’ न लिहिता ‘20 पैकी 1’ लिहा. इथे एका बोंडाने 5 टक्के हलतात, दुसरं बोंड किडकं निघालं की थेट 10. नुसता टक्का पुढे गेला की तो 20 बोंडांचा होता की 200 चा, हे नव्या चॅटला कळायचा मार्ग नाही.

कीटकनाशकाच्या मात्रा मात्र चॅटमधून टिपणात आणूच नका. शिफारस बहुतेकदा 10 लिटर पाण्यासाठी असते आणि गावातला पाठीवरचा पंप 15 किंवा 16 लिटरचा. चॅटमधला आकडा यातल्या कशासाठी होता हे उतारा काढताना कळत नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले आहेत, तिथे अंदाजाला जागा नाही. ती जागा कोरी ठेवायची आणि डब्यावरचं लेबल व सहायक कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला यांतूनच भरायची.

एवढं झाल्यावर टिपण असं दिसतं:

```
काम: शेतकरी सभेसाठी एका पानाचं मराठी पत्रक.
वाचक: कोरडवाहू कपाशीचे शेतकरी. क्षेत्र एकरात.

पक्कं (क):
1. निरीक्षणासाठी एकरी 2 कामगंध सापळे.
2. पातळी: दर सापळ्यात रात्री 8 पतंग, सलग 3 रात्री;
   किंवा 10% डोमकळ्या; किंवा 10% किडकी हिरवी बोंडं.
   पतंगांची बेरीज किंवा सरासरी काढू नये.
3. डिसेंबरअखेर पीक काढावं. फरदड घेऊ नये.

वावर (व), 14 सप्टेंबर, एक वावर:
सापळा: 9, 11, 4. हिरवी बोंडं: 20 पैकी 1 किडकं.

न पडताळलेलं (च), पत्रकात घेऊ नये:
4. सापळ्यातली गोळी किती दिवसांनी बदलायची.

कोरं: कीटकनाशक आणि मात्रा. जागा सोडावी.
टिपणाबाहेरचा आकडा घालू नये; हवा असल्यास विचारावं.
```

तीन चॅट मिळून शंभरावर संदेश होते, त्यातून शंभरभर शब्द उरले. मोठा विषय असला तरी चारशे शब्दांपलीकडे जाऊ देऊ नका. टिपण त्याहून लांबलं तर बहुधा त्यात समजावणं शिरलेलं असतं. बोंडअळी बोंडाच्या आत राहते म्हणून फवाऱ्यापासून वाचते, हे कारण पत्रकात हवं असेल तरच ओळ द्या, नाहीतर ते चॅटमध्येच राहू दे.

‘च’ची ओळ काढून का टाकत नाही, असा प्रश्न येतो. काढली तर नवा चॅट ती उणीव स्वतःहून भरायला जातो आणि तुम्हाला वाटतं की तो आकडा तुमच्याच टिपणातला. ‘घेऊ नये’ म्हणून नाव घेऊन ठेवली की तो आकडा पत्रकात आलाच तर लगेच ओळखता येतो.

टिपण चिकटवलं की लगेच पत्रक मागू नका. आधी 9, 11, 4 या मोजणीवर पातळी ओलांडली की नाही, एवढंच विचारा. उत्तर ‘नाही’ आलं आणि कारण म्हणून तिसरी रात्र आली, तर ती अट नीट पोचली. ‘हो’ आलं तर दोष तुमच्या दुसऱ्या ओळीत असू शकतो. तिथल्या तिथे वाद घालत बसू नका, वहीतली ओळ सुधारा आणि दुसरा कोरा चॅट उघडा. त्याच चॅटमध्ये चार दुरुस्त्या केल्या की तो तुमचा चौथा जुना चॅट झाला.

पत्रक आल्यावर त्यातल्या प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलने टिपणाचा ओळ क्रमांक लिहा. ज्या आकड्याला क्रमांक मिळत नाही तो बाहेरून आलेला, तो खोडा. एका पानाला दहा मिनिटं लागतात. ‘सलग’, ‘किंवा’, ‘एकरी’ हे तीन शब्द वेगळे शोधा. भाषा सोपी करताना हेच आधी उडतात.

मग पत्रक सहायक कृषी अधिकाऱ्यांना दाखवा. त्यांनी एखादी ओळ बदलायला सांगितली तर ती पत्रकात बदलण्याआधी टिपणात बदला आणि वर तारीख टाका. गटात चार जण असतील तर टिपण एकाच्याच ताब्यात ठेवा आणि व्हॉट्सॲपच्या गटात जुनी प्रत पुसून नवी टाका. नाहीतर पुढच्या गावातल्या सभेच्या आदल्या रात्री कोणी तरी 24 पतंगांची जुनी प्रत उचलतो.