केसांची शेड कशी निवडावी: आधी त्वचा, मग डोळे, मग शेड कार्ड

पार्लरमध्ये मोबाइल पुढे करून "ताई, अगदी हाच करा" म्हणणाऱ्यांच्या फोटोत हल्ली बहुधा अ‍ॅश ब्राऊन, म्हणजे राखाडी झाकेचा तपकिरी असतो. शेड छान आहे, वाद नाही. पण ज्या डोक्यावर ती दिसते आहे ते केस मुळात भुरे असतात आणि त्वचा गुलाबीकडे झुकणारी. आपले केस काळे आणि त्वचा बहुतेकांची गव्हाळ किंवा सावळी. म्हणून शेड कार्ड सगळ्यात शेवटी उघडायचं. त्याआधी आपली त्वचा वॉर्म आहे की कूल, ते घरच्या घरी पाहून घ्यायचं.

पायरी १: त्वचेचा अंडरटोन ओळखा

वर्ण गोरा की सावळा याचा इथे संबंध नाही. गोऱ्या त्वचेखाली पिवळसर झाक असू शकते आणि गडद सावळ्या त्वचेखाली निळसर-लालसर. वरचा रंग उन्हाने बदलतो, खालची झाक सहसा तीच राहते. पिवळी-सोनेरी झाक म्हणजे वॉर्म, गुलाबी-निळसर म्हणजे कूल.

दिवसाउजेडी खिडकीपाशी बसा, पण थेट उन्हात नको. ट्यूबलाइट बंद करा. चेहरा साध्या पाण्याने धुऊन वीस मिनिटं थांबा, कारण चोळल्यावर येणारी लाली फसवते. पावडर नको, आणि त्या दिवशी हळदीचा लेप तर नकोच. केसांना आधीच रंग असेल तर ते पांढऱ्या कापडाखाली झाका.

आता दोन कापडं घ्या. एक नवं पांढराशुभ्र, दुसरं न धुतलेलं मांजरपाट, ज्याचा रंग सायीसारखा असतो. एकेक करून गळ्याशी धरा. कापडाकडे बघू नका, डोळ्यांखालच्या काळेपणाकडे आणि ओठांच्या कडेच्या सावलीकडे बघा. न शोभणाऱ्या कापडावर या दोन्ही जागा उठून दिसतात, शोभणाऱ्यावर चेहरा एकसारखा वाटतो. मांजरपाट शोभलं तर वॉर्म, शुभ्र शोभलं तर कूल. खात्रीसाठी हाच प्रयोग साडीच्या पदरांनी करा. वॉर्मच्या बाजूला मोहरी किंवा शेंदरी, कूलच्या बाजूला राणी किंवा जांभळा. शेवटी वॉर्मसाठी सोनेरी जर आणि कूलसाठी रुपेरी जर. तीनपैकी दोन उत्तरं एका बाजूची आली की पुरे.

मनगटाच्या शिरा हिरव्या दिसतात की निळ्या, ही चाचणी सगळीकडे सांगितली जाते. गव्हाळ आणि त्याहून गडद त्वचेतून शिरा बऱ्याचदा हिरवटच दिसतात, त्यामुळे मी तिच्यावर विसंबत नाही. स्कूटर चालवून हात-चेहरा रापला असेल तर जबड्याखालची मान किंवा दंडाची आतली बाजू बघा.

काहींना ठाम उत्तर मिळतच नाही. मोहरी रंगाने चेहरा पिवळा पडतो आणि राणी रंगाने किंचित हिरवट दिसतो. ही ऑलिव्ह त्वचा, आणि आपल्याकडे ती भरपूर आढळते. तिला दोन्ही टोकं मानवत नाहीत. अ‍ॅशने ती राखट दिसते, निव्वळ सोनेरीने काविळीसारखी. मधले रंग, म्हणजे नॅचरल ब्राऊन, चॉकलेट किंवा थोडा महोगनी, इथे सगळ्यात बरे दिसतात.

पायरी २: डोळे उजेडात बघा

हातातला आरसा घेऊन त्याच खिडकीशी या आणि बाहुलीभोवतीचं वर्तुळ नीट पाहा. लांबून काळे वाटणारे बहुतेक डोळे गडद तपकिरी निघतात, आणि काहींत मधासारखं कडं असतं. ते कडं असेल तर केसांतल्या सोनेरी किंवा तांबूस छटेने डोळे उजळतात. कडं नसेल, बुबुळ एकसारखं गडद असेल, तर चेहऱ्याभोवतीचे केस फार उजळ करू नका. डोळे आणि भुवया काळ्याभोर, केस मात्र फिकट, असा चेहरा केसांपासून तुटल्यासारखा दिसतो. भुवयांपेक्षा दोन लेव्हलपर्यंत, म्हणजे गडद-फिकटाच्या दोन पायऱ्यांपर्यंत उजळ, हे माझं माप.

घाऱ्या डोळ्यांचं गणित थोडं वेगळं. घारेपण पिवळसर असेल तर हनी आणि गोल्डन जुळतात. हिरवट असेल तर महोगनी किंवा वाइन लावून बघा. रंगचक्रात लाल हा हिरव्याच्या समोरचा रंग, त्यामुळे डोळ्यांतला हिरवा उठून दिसतो. करडे घारे डोळे आणि कूल त्वचा, अशा जोडीलाच अ‍ॅश खरा शोभतो.

त्वचा एक सांगते आणि डोळे दुसरं, असं झालं तर पूर्ण डोक्याचा रंग त्वचेप्रमाणे ठेवा. डोळ्यांसाठी चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना चार-पाच बारीक हायलाइट्स पुरतात.

पायरी ३: डब्यावरचा आकडा वाचा

डब्यावरच्या मॉडेलच्या फोटोवर जाऊ नका, आकडा बघा. 5.3 मध्ये पॉइंटच्या आधीचा आकडा म्हणजे लेव्हल. 1 म्हणजे काळा, 10 म्हणजे अगदी फिकट सोनेरी. आपले केस साधारण 1 ते 3 मध्ये येतात. पॉइंटनंतरचा आकडा झाक सांगतो. बऱ्याच कंपन्यांत 0 नॅचरल, 1 अ‍ॅश, 3 गोल्ड, 4 कॉपर, 5 महोगनी आणि 6 लाल असतो. दोन आकडे असतील तर पहिली झाक मुख्य, दुसरी हलकी. 5.35 म्हणजे सोनेरी आणि त्यात महोगनीचा अंश, त्यालाच पुष्कळदा चॉकलेट म्हणतात. सगळ्या कंपन्यांची पद्धत मात्र एक नाही. एकीचा 6 लाल, तर दुसरीचा जांभळा. कंपनी बदलली की तिचंच शेड कार्ड बघायचं.

नुसते केस काळे करणाऱ्यांनाही हे लागू आहे. निळी झाक असलेला काळा वॉर्म चेहऱ्यावर डोळ्यांखालची वर्तुळं ठळक करतो. त्याऐवजी 3.0, म्हणजे गडद तपकिरी घ्या. लांबून काळाच दिसतो, पण चेहरा ओढल्यासारखा वाटत नाही.

पायरी ४: काळ्या केसांखालचा नारिंगी लक्षात घ्या

फोटोतली शेड आणि आपल्या डोक्यावरची शेड यांची फारकत बहुतेक वेळा इथे होते. काळा केस उजळताना थेट भुरा होत नाही. आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा, अशा पायऱ्या तो उतरतो. रंगात मिसळायचा पेरॉक्साइडचा डेव्हलपर 6 टक्क्यांचा, म्हणजे 20 व्हॉल्यूमचा असेल तर नैसर्गिक केस एक-दोन लेव्हल उघडतो, म्हणजे उजळ करतो. तेवढ्यात खालचा लालसर-नारिंगी वर आलेला असतो. अ‍ॅशमधला निळसर रंग त्याला दाबतो, पण धुण्यात तो आधी निघून जातो. काही आठवड्यांनी उरतो तो तांबूस तपकिरी. वॉर्म त्वचेवर तो खपून जातो, कूल त्वचेवर गंजल्यासारखा दिसतो.

म्हणून कूल त्वचेच्या व्यक्तीला मी अ‍ॅशसाठी केस उजळायला सांगत नाही, गडदच राहायला सांगते. 3.1 किंवा 4.1, नाहीतर प्लम किंवा वाइनसारखी जांभळट शेड. केस कमी उघडले की नारिंगी कमी दिसतो. वॉर्म त्वचेला गोल्ड आणि कॉपर सोपे जातात, कारण केसाचा स्वतःचा नारिंगी त्याच दिशेला असतो आणि उतरतानाही रंग विजोड वाटत नाही.

आधी काळा डाय लावलेला असेल तर त्यावर तपकिरी ट्यूब चढत नाही. रंगाने रंग उघडत नाही. नव्याने उगवलेली मुळं तेवढी तपकिरी होतात आणि लांबी काळीच राहते. तो डाय उतरवण्याचं काम जाणत्या हाताकडे द्या.

पांढऱ्या केसात तर मूळ रंगच नाही, त्यामुळे ट्यूबमधला रंग त्यावर जसाच्या तसा दिसतो. शेजारचा काळा केस जेमतेम तांबूस होतो आणि पांढरा केस चमकदार लाल. यावर उपाय म्हणजे झाकेच्या शेडमध्ये त्याच लेव्हलची नॅचरल शेड मिसळणं. पांढरे जितके जास्त, तितका नॅचरलचा भाग मोठा.

एक उदाहरण

चाळिशीतल्या एक बाई आल्या होत्या. केसांना कधीच रंग लावलेला नव्हता. लेव्हल 3, कानशिलांपाशी साधारण चौथा हिस्सा पांढरे. त्यांना 6.1 हवा होता. खिडकीशी मांजरपाट शोभलं, मोहरी पदर शोभला, सोनेरी जर शोभली. डोळे तपकिरी, त्यात मधाचं कडं. म्हणजे सरळसरळ वॉर्म.

कानामागची एक काळी बट आणि कानशिलाची एक पांढरी बट 6.1 ने रंगवली. तशीच दुसरी जोडी 5.0 आणि 5.3 समसमान मिसळून. डेव्हलपर 20 व्हॉल्यूम, वेळ 35 मिनिटं. बटा धुऊन वाळवल्याशिवाय निकाल बघायचा नाही, कारण ओला केस गडद दिसतो. 6.1 ची काळी बट मातकट झाली होती आणि पांढरी धुरकट. ती गालाशी धरली तर डोळ्यांखालचा भाग लगेच काळवंडलेला वाटला. आरशात बघून त्याच म्हणाल्या, "आजारी दिसतेय हो मी." दुसऱ्या जोडीने चेहरा उजळला, पण पांढरी बट काळ्याशेजारी फारच हलकी दिसत होती. म्हणून एक लेव्हल खाली उतरलो. 4.0 चे दोन भाग, 4.3 चा एक भाग. पांढरे केस मऊ मधाळ तपकिरी झाले, काळ्यांत उन्हात तेवढी सोनेरी चमक दिसते.

पायरी ५: बट तपासा, कातडीही तपासा

पूर्ण डोकं रंगवण्याआधी अशी बट घरीही करता येते. चमचाभर मिश्रण पुरतं, प्रमाण डब्यावर असेल तेच ठेवा. पांढरे केस असतील तर एक बट तिथलीही घ्या. त्याच्या 48 तास आधी कानामागे थोडं मिश्रण लावून कातडीची चाचणी करा. खाज, सूज किंवा पुरळ आलं तर तो रंग लावायचा नाही. 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या पाकिटांतही बहुधा डायमधलंच पीपीडी हे अ‍ॅलर्जी आणू शकणारं रसायन असतं, तेव्हा मेंदी समजून चाचणी टाळू नका.

रंग लावल्यावर शाम्पूही झाकेप्रमाणे घ्यावा लागतो. निळा शाम्पू नारिंगी दाबतो, जांभळा शाम्पू पिवळा दाबतो. अ‍ॅश टिकवायचा असेल तर आठवड्यातून एकदा निळा चालेल. गोल्ड किंवा कॉपर केलेल्यांनी मात्र या दोन्ही बाटल्यांपासून लांब राहावं, नाहीतर पैसे देऊन चढवलेली सोनेरी झाक न्हाणीघरातच फिकी पडते.