‘रिटर्न बॅक’मधला ‘बॅक’ कुठून येतो? या चुका टाळा

लातुरात ट्यूशनच्या भागात माझं टायपिंगचं दुकान आहे. जून-जुलैमध्ये इथं अर्जांची रांग लागते. मागच्या हंगामात एक वडील मुलाला घेऊन आले. “सर, अ‍ॅडमिशन कॅन्सल केलंय. कागदं वापस पाहिजेत आन् डिपॉझिट बी.” पोरानं मोबाइलवर इंग्रजीत मेल लिहूनच आणला होता. मी फक्त मोठ्या स्क्रीनवर नीट करून पाठवायचा होता. मजकूर असा:

“आय हॅव कॅन्सल्ड माय अ‍ॅडमिशन. काइंडली रिटर्न बॅक माय ओरिजिनल डॉक्युमेंट्स अँड रिफंड बॅक माय डिपॉझिट. आय अ‍ॅम रिपीटिंग अगेन माय रिक्वेस्ट ऑफ लास्ट वीक. प्लीज रिव्हर्ट बॅक सून.”

चार ओळींत तीन ‘बॅक’ आणि एक ‘अगेन’. स्पेलिंग सगळं बरोबर, त्यामुळे लाल रेघ कुठंच नाही. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं टिकते.

पोराला मी विचारलं, ‘बॅक’ का लिहिलंस? म्हणाला, “वापस म्हणायचंय ना सर.” उत्तर अगदी खरं आहे आणि चुकीचं मूळही तिथंच आहे. मराठीत ‘कागदं दे’ म्हटलं तर नुसतं देणं होतं. ते माघारी देणं आहे हे सांगायला ‘परत’ वेगळा लावावा लागतो. आमच्याकडं त्याच जागी ‘वापस’ येतो: वापस दे, वापस ये, वापस कर. आपलं क्रियापद साधं असतं आणि माघारीचा अर्थ शेजारचा शब्द उचलतो. इंग्रजीत ‘गिव्ह बॅक’, ‘कम बॅक’, ‘सेंड बॅक’ हे अगदी तसेच चालतात. पण ‘रिटर्न’ तसा नाही. त्याच्या पोटातला ‘रि’ लॅटिनमधून आलेला आहे, आणि त्याचा अर्थच मागे किंवा पुन्हा असा होतो. म्हणजे ‘वापस’ आधीच आत बसलेला आहे. आपल्याला तो दिसत नाही, म्हणून आपण बाहेरून आणखी एक लावतो.

पिवळा पीतांबर म्हणतानाही आपलं हेच होतं. पीत म्हणजे पिवळा हे विसरलं, की रंग दोनदा लागतो. ‘पुन्हा पुनर्मूल्यांकन’ मात्र आपल्या कानाला लगेच खटकतं, कारण ‘पुनर्’ अजून ओळखीचा आहे.

आणखी एक गुंता आहे. ‘परत दे’ मधला परत म्हणजे माघारी आणि ‘परत सांग’ मधला परत म्हणजे पुन्हा. मराठीत दोन्ही कामं एकच शब्द करतो. इंग्रजीत त्यासाठी ‘बॅक’ आणि ‘अगेन’ असे दोन वेगळे शब्द आहेत. म्हणून पोरं ‘रिटर्न’ला बॅक जोडतात आणि ‘रिपीट’ला अगेन. डोक्यात दोन्हीकडं ‘परत’च असतो.

आता मेल दुरुस्त करू. पहिल्या वाक्याला हात लावायचं कारण नाही. दुसऱ्यातले दोन्ही ‘बॅक’ उडवले: “काइंडली रिटर्न माय ओरिजिनल डॉक्युमेंट्स अँड रिफंड माय डिपॉझिट.” काही हरवलं का? नाही. तिसऱ्या वाक्याला मी थांबलो आणि विचारलं, आतापर्यंत कितीदा मागणी केलीस? “एकदा, मागच्या सोमवारी.” म्हणजे आजची दुसरी. दुसऱ्यांदा करणं म्हणजेच रिपीट. तेव्हा अगेन गेला. खरं तर वाक्यच साधं केलं: “आय मेड धिस रिक्वेस्ट लास्ट मंडे.” वार लिहिला की समोरच्याला जुना मेल शोधता येतो. शेवटच्या वाक्यात ‘बॅक’बरोबर ‘रिव्हर्ट’ही काढला आणि ‘सून’च्या जागी दिवस टाकला: “प्लीज रिप्लाय बाय फ्रायडे.” वडील म्हणाले, “लहान झालं की ओ!” पण मागणी एकही कमी झाली नव्हती.

लांबलचक वाक्यात असा जादा शब्द खपून जातो. तीन शब्दांच्या वाक्यात मात्र तो तिसरा हिस्सा खातो. ‘प्लीज रिटर्न बॅक’ व्हॉट्सअ‍ॅपवर एकटं पडलं की फार अवघडलेलं दिसतं.

‘रिव्हर्ट’ का काढला ते सांगतो, कारण तिथं अडचण नुसत्या जादा शब्दाची नाही. आपल्या ऑफिसांत रिव्हर्ट म्हणजे उत्तर द्या, असं रूढ झालंय. भारतात ते समजतं, त्यावर माझी तक्रार नाही. पण मूळ इंग्रजीत त्याचा अर्थ आधीच्या स्थितीला जाणं. भाड्यानं दिलेली जमीन मुदत संपल्यावर मूळ मालकाकडं जाते, तिथं हा शब्द चपखल बसतो. सॉफ्टवेअरवाल्यांकडं तर `git revert` ही कमांडच आहे. आधी केलेला बदल ती नव्या नोंदीनं उलटवते. माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे. त्यानं परदेशातल्या सहकाऱ्याला लिहिलं, “प्लीज रिव्हर्ट बॅक ऑन येस्टरडेज चेंज.” याला हवं होतं मत. त्यानं आदल्या दिवशीचं काम उलटवून टाकलं. इथं नुसता ‘बॅक’ काढून भागलं नसतं, उलट उलटवण्याचा अर्थ आणखी ठळक झाला असता. उत्तर हवं असेल तर ‘रिप्लाय’ लिहा, आणि त्यालाही ‘बॅक’ जोडू नका.

मात्र ‘अगेन’ दिसला की डोळे मिटून खोडू नये. आमच्या लातुरात हे नीट परीक्षेच्या रिपीटर बॅचमुळं रोज समोर येतं. बारावीबरोबर एक प्रयत्न झाला आणि पोरगी दुसऱ्यांदा बसणार असेल तर ‘आय वॉन्ट टू रिपीट’. एका मुलीनं फॉर्मवर लिहिलं होतं, ‘आय वॉन्ट टू रिपीट अगेन’. काउंटरवरच्या ताईंनी विचारलं, “म्हणजे तिसरा अटेम्प्ट का गं?” पोरगी गोंधळली. तिचा दुसराच होता. ताईंचं वाचन बरोबर होतं: एकदा रिपीट करून झालंय आणि पुन्हा करायचंय, असंच ते वाक्य सांगत होतं. तिसरा प्रयत्न खरंच असता तर त्या ‘अगेन’ला जागा होती. ‘रीराइट अगेन’चंही तसंच. एकदा दुरुस्त केलेला अर्ज दुसऱ्यांदा दुरुस्त करायला सांगायचं असेल तर तो चालतो.

‘रिपोर्ट बॅक’लाही मी हात लावत नाही. ‘रिपोर्ट’ म्हणजे नुसतं कळवणं. ज्यानं पाठवलं त्यालाच येऊन सांगणं हा अर्थ ‘बॅक’नंच येतो. ‘रि’ दिसला म्हणून प्रत्येक ठिकाणी तो जागा असतोच असं नाही.

माझी सवय सांगतो. मेल टाइप झाला की `Ctrl+F` दाबून आधी `back` शोधतो, मग `again`. जिथं सापडेल तिथं डावीकडचा शब्द वाचतो. डावीकडं ‘कॉल’, ‘पे’, ‘टेक’ असं साधं क्रियापद असेल तर पुढं जातो. ‘रिटर्न’, ‘रिफंड’, ‘रिप्लाय’, ‘रिपे’ असेल तर खोडतो आणि वाक्य एकदा मोठ्यानं म्हणतो. या शोधात `feedback` आणि `background`ही उगीच सापडतात, त्यांना सोडून द्यायचं.